रुळांवरील सरकती दांडी : गतिजन्य विद्युत चालक प्रेरणा आणि ऊर्जेचा ताळा

चुंबकीय क्षेत्रातून जाणाऱ्या वाहकाच्या दोन टोकांदरम्यान केवळ त्याच्या गतीमुळे जी विद्युत चालक प्रेरणा निर्माण होते, तिला गतिजन्य विद्युत चालक प्रेरणा असे म्हणतात. काही पाठ्यपुस्तकांत हिलाच ‘विद्युत चालक बल’ असे नाव आहे. नाव कोणतेही घेतले तरी ही राशी बल नव्हे. एकक प्रभार परिपथातून एकदा फिरविताना त्याला मिळणारी ऊर्जा म्हणजे ही राशी, आणि तिचे एकक व्होल्ट आहे. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे हे सर्वांत साधे उदाहरण दोन समांतर रूळ आणि त्यांवर आडवी ठेवलेली धातूची दांडी एवढ्या सामग्रीत मांडता येते. या मांडणीचा विशेष असा, की तीत निर्माण होणारी विद्युत ऊर्जा आणि दांडी ओढण्यासाठी केलेले यांत्रिक कार्य यांचा हिशेब शेवटच्या ज्यूलपर्यंत लावता येतो. अंकगणितात उत्तराची खातरजमा करण्यासाठी ताळा करतात. तसाच प्रवर्तनाच्या सूत्राचा येथे ऊर्जेने ताळा करता येतो.

## मांडणी

सपाट मेजावर दोन गुळगुळीत रूळ पूर्व-पश्चिम दिशेत, एकमेकांपासून L अंतरावर ठेवले आहेत असे समजू. त्यांची पश्चिमेकडील टोके R इतक्या रोधाने जोडली आहेत. रुळांवर एक दांडी दक्षिणोत्तर आडवी ठेवली आहे. रूळ, रोध आणि दांडी मिळून एक आयताकृती बंद परिपथ तयार होतो. या सर्व प्रदेशात B तीव्रतेचे एकसमान चुंबकीय क्षेत्र असून त्याची दिशा सरळ खाली, म्हणजे मेजाच्या पृष्ठाला लंब आहे. दांडी v या स्थिर वेगाने पूर्वेकडे ओढली जाते.

दांडीबरोबर तिच्यातील मुक्त इलेक्ट्रॉनही पूर्वेकडे जात असतात. चुंबकीय क्षेत्रात गतिमान असलेल्या प्रभारावर त्याच्या वेगाला आणि क्षेत्राला लंब असे बल कार्य करते. फ्लेमिंगच्या उजव्या हाताच्या नियमाने पाहिल्यास धन प्रभारावर हे बल उत्तरेकडे येते. इलेक्ट्रॉन ऋण प्रभारित असल्याने ते दक्षिणेकडे ढकलले जातात. परिणामी दांडीचे उत्तर टोक धन आणि दक्षिण टोक ऋण होते, आणि दांडी एखाद्या विद्युत घटासारखी वागू लागते. रूढ दिशेने सांगायचे तर धारा दांडीतून उत्तरेकडे, तेथून उत्तरेच्या रुळाने पश्चिमेकडे, रोधातून दक्षिणेकडे आणि दक्षिणेच्या रुळाने पुन्हा दांडीकडे येते.

q या प्रभारावरील हे बल qvB इतके असते. दांडीच्या L लांबीवर ते एकक प्रभाराला vBL इतकी ऊर्जा देते. म्हणून

ε = BLv

हेच सूत्र फॅराडेच्या नियमानेही मिळते. दांडी एका सेकंदात v अंतर पुढे जाते तेव्हा परिपथाचे क्षेत्रफळ Lv इतके वाढते आणि त्यातून जाणारा चुंबकीय अभिवाह, म्हणजे ढोबळपणे त्यातून जाणाऱ्या बलरेषांची संख्या, BLv इतका वाढतो. एका वाटेत आपण दांडीतील प्रभारावर लक्ष ठेवतो, दुसऱ्या वाटेत परिपथाने वेढलेल्या क्षेत्रफळावर. दोन्ही वाटांनी उत्तर एकच येते. मात्र यातली कोणतीही वाट या ऊर्जेचा पुरवठा कोण करतो हे सांगत नाही.

## ऊर्जेचा ताळा

परिपथात धारा वाहू लागली की दांडी ही चुंबकीय क्षेत्रातील धारावाहक तार बनते आणि तिच्यावर BIL इतके बल येते. या बलाची दिशा पश्चिमेकडे, म्हणजे दांडीच्या गतीच्या विरुद्ध असते. लेन्झचा नियम येथे डोळ्यांना दिसतो : प्रवर्तित धारा आपल्या कारणाला, म्हणजे गतीला, विरोध करते. दांडीचा वेग कायम राखायचा असेल तर ओढणाऱ्याला पूर्वेकडे तितकेच बल लावावे लागते. बल आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे यांत्रिक शक्ती. ती BILv इतकी होते. दुसरीकडे εI म्हणजे परिपथाला मिळणारी विद्युत शक्ती. ε = BLv असेल तर या दोन्ही राशी समान आहेत, आणि ही समानता कोणत्याही धारेसाठी खरी आहे.

आता आकडे घालून पाहू. क्षेत्र ०.५ टेस्ला, रुळांतील अंतर ०.२ मीटर, दांडीचा वेग सेकंदाला ३ मीटर आणि परिपथाचा एकूण रोध ०.१५ ओहम घेऊ.

विद्युत चालक प्रेरणा = ०.५ × ०.२ × ३ = ०.३ व्होल्ट
धारा = ०.३ ÷ ०.१५ = २ अँपिअर
दांडीवरील विरोधी बल = ०.५ × २ × ०.२ = ०.२ न्यूटन

ओढणाऱ्याची शक्ती ०.२ × ३ म्हणजे ०.६ वॅट. रोधात उष्णतेच्या रूपाने खर्च होणारी शक्ती I²R, म्हणजे ४ × ०.१५, म्हणजे तीही ०.६ वॅट. दांडी ०.६ मीटर पुढे गेली असे मानल्यास तिला ०.२ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात हाताने केलेले कार्य ०.२ न्यूटन × ०.६ मीटर = ०.१२ ज्यूल, आणि रोधात निर्माण झालेली उष्णता ०.६ वॅट × ०.२ सेकंद = ०.१२ ज्यूल. जमा आणि खर्च जुळले.

हा ताळा करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. यांत्रिक कार्य काढताना आपण I²R हे सूत्र वापरलेले नाही आणि उष्णता काढताना बल व अंतर वापरलेले नाही. दोन्ही बाजू वेगवेगळ्या मार्गांनी काढल्या, म्हणूनच त्यांच्या जुळण्याला अर्थ आहे. काही जण हातावरील बलच I²R ÷ v असे काढतात आणि मग ऊर्जा जुळली म्हणतात. तो ताळा नसून तेच विधान दोनदा लिहिणे आहे. उत्तरात धारेची दिशा चुकून उलटी घेतली असेल तर तेही या पद्धतीने लगेच उघडकीस येते. तशा धारेमुळे बल पूर्वेकडे येईल, दांडी कोणी न ओढताच वेग घेऊ लागेल आणि रोधही तापत राहील. काही खर्च न करता दोन ठिकाणी जमा होणारी ही ऊर्जा अशक्य असल्याने दिशा चुकली हे निश्चित होते.

## चुंबकीय बल कार्य करीत नाही, मग कार्य कोण करतो?

चुंबकीय बल नेहमी प्रभाराच्या वेगाला लंब असते, म्हणून ते प्रभारावर कधीही कार्य करू शकत नाही. पण वर तर आपण म्हटले, की हेच बल प्रभाराला दांडीच्या लांबीवर ऊर्जा देते. हा विरोधाभास खरा आहे, आणि बहुतेक पुस्तके त्याला वळसा घालून पुढे जातात. वास्तविक या विषयातील सर्वांत बोधप्रद भाग हाच आहे.

विरोध सुटतो तो प्रभाराचा पूर्ण वेग विचारात घेतल्यावर. सोयीसाठी प्रभार धन मानू. दांडीबरोबर तो v वेगाने पूर्वेकडे जातो. शिवाय धारा वाहत असल्याने दांडीच्या लांबीतून u या वेगाने उत्तरेकडे सरकतो. हा दुसरा वेग अतिशय लहान असतो. दांडी तांब्याची आणि १० चौरस मिलिमीटर छेदाची असेल तर २ अँपिअर धारेसाठी तो सेकंदाला सुमारे ०.०१५ मिलिमीटर इतकाच येतो. पण तो शून्य नाही, आणि सारे रहस्य त्यातच आहे.

पूर्वेकडील वेगामुळे प्रभारावर उत्तरेकडे qvB इतके बल येते. उत्तरेकडील वेगामुळे पश्चिमेकडे quB इतके बल येते. पहिले बल प्रभाराला उत्तरेकडे ढकलताना दर सेकंदाला qvB × u इतके कार्य करते. दुसरे बल प्रभाराच्या पूर्वेकडील गतीला अडविते आणि दर सेकंदाला quB × v इतके कार्य काढून घेते. दोन्ही राशी समान व विरुद्ध आहेत, बेरीज शून्य. चुंबकीय बल एका हाताने देते आणि दुसऱ्या हाताने तेवढेच घेते.

मग प्रभार मागे का पडत नाही? पश्चिमेकडील बलामुळे प्रभार दांडीच्या मागच्या कडेकडे किंचित रेटले जातात. तेथे प्रभार साठून दांडीच्या रुंदीत एक विद्युत क्षेत्र तयार होते. हाच हॉल परिणाम होय. या क्षेत्राद्वारे दांडीतील अणूंची जाळी प्रभारांना पूर्वेकडे ओढून नेते, आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून जाळीला, म्हणजे दांडीला, पश्चिमेकडे ओढ बसते. दांडीतील सर्व प्रभारांवरील quB या बलांची बेरीज केली तर ती बरोबर BIL येते. ही ओढ हाताला जाणवते आणि तिच्याविरुद्ध हात कार्य करतो. तेव्हा कार्य करणारा हातच आहे. चुंबकीय क्षेत्र फक्त हाताच्या पूर्वेकडील ओढीचे दांडीच्या लांबीतील ढकलण्यात रूपांतर करते. विहिरीवरील कप्पी दोराची दिशा बदलते, पाणी मात्र ओढणाराच वर काढतो, तशातलाच हा प्रकार आहे.

## ताळा जुळत नाही असे वाटते तेव्हा

प्रत्यक्षात वा परीक्षेतील उदाहरणात जमाखर्च जुळला नाही तर ऊर्जेचा एखादा वाटेकरी नजरेतून सुटलेला असतो. पहिला वाटेकरी म्हणजे दांडीची गतिज ऊर्जा. वरच्याच मांडणीत स्थिर असलेल्या दांडीला ०.२ न्यूटन इतके स्थिर बल लावले असे समजू. दांडीचा वेग सेकंदाला १ मीटर होतो त्या क्षणी प्रेरणा ०.१ व्होल्ट, धारा सुमारे ०.६७ अँपिअर आणि विरोधी बल सुमारे ०.०६७ न्यूटन असते. हात ०.२ वॅट शक्ती पुरवीत असतो, पण रोधात ०.०६७ वॅटच खर्च होतात. उरलेले ०.१३३ वॅट दांडीचा वेग वाढविण्यात जातात. वेग वाढत जाईल तसा रोधाचा वाटा वाढतो आणि गतिज ऊर्जेचा घटतो. सेकंदाला ३ मीटर या वेगाच्या जवळ पोहोचल्यावर सारी शक्ती रोधाकडे जाते आणि वेग वाढणे थांबते. यांत्रिक शक्ती आणि I²R समान असतात हे विधान या अंतिम वेगालाच लागू आहे. त्याआधी ते लावणे ही या प्रकरणातील सर्वांत सामान्य चूक होय.

दुसरा वाटेकरी दांडीचा स्वतःचा रोध. एकूण ०.१५ ओहमपैकी ०.०५ ओहम दांडीचा आणि ०.१० ओहम बाहेरचा असेल, तर बाहेरच्या रोधाला जोडलेला व्होल्टमीटर ०.३ नव्हे तर ०.२ व्होल्ट दाखवील. बाहेरच्या रोधात ०.४ वॅट आणि दांडीतच ०.२ वॅट उष्णता निर्माण होईल. फक्त बाहेरची उष्णता मोजणाऱ्याला एक तृतीयांश ऊर्जा हरविल्याचा भास होतो. रुळांनाही रोध असतो, आणि दांडी पुढे जाईल तसा तो वाढत जातो. त्यामुळे वेग स्थिर असूनही धारा हळूहळू कमी होताना दिसली तर कारण बहुधा हेच असते.

तिसरा वाटेकरी घर्षण. ते वेगळे काढण्याची एक सोपी युक्ती आहे. परिपथ कळीने खुला ठेवून दांडी त्याच वेगाने ओढावी. प्रेरणा तेव्हाही ०.३ व्होल्टच असते, पण धारा नसल्याने चुंबकीय विरोध नसतो. लागणारे सारे बल घर्षणाचे असते. नंतर कळ बंद करून तेच बल पुन्हा मोजावे. दोहोंतील फरक म्हणजे BIL. समजा खुल्या परिपथात ०.०५ न्यूटन आणि बंद परिपथात ०.२५ न्यूटन बल लागले, तर हाताच्या ०.७५ वॅटपैकी ०.१५ वॅट रूळ घासण्यात गेले आणि ०.६ वॅट विद्युत परिपथात उतरले. क्षेत्र पूर्णपणे उभे असेल तरच ही वजाबाकी चालते, कारण तेव्हा चुंबकीय बल आडवे असते आणि दांडीचा रुळांवरील भार बदलत नाही. क्षेत्र तिरके असेल तर धारा सुरू होताच दांडी रुळांवर दाबली जाते किंवा उचलली जाते आणि घर्षणही बदलते.

शाळेच्या प्रयोगशाळेत हा तिसरा वाटेकरी बाकीच्यांना गिळून टाकतो. साध्या चुंबकांमधील ०.१ टेस्ला क्षेत्र, ५ सेंटिमीटर अंतरावरील रूळ आणि सेकंदाला अर्धा मीटर वेग घेतला तर प्रेरणा २.५ मिलिव्होल्ट येते. दांडी आणि रूळ यांच्या स्पर्शासह रोध ०.१ ओहम धरल्यास धारा २५ मिलिअँपिअर आणि विरोधी बल सुमारे ०.०००१३ न्यूटन. २० ग्रॅमच्या दांडीचे वजन सुमारे ०.२ न्यूटन असते. घर्षण त्याच्या एक पंचमांश धरले तरी ते ०.०४ न्यूटन, म्हणजे चुंबकीय विरोधाच्या सुमारे तीनशेपट होते. म्हणून अशा मांडणीत गॅल्व्हनोमीटरचा काटा हललेला छान दिसतो, पण हाताला विरोध जाणवत नाही आणि ऊर्जेचा ताळा मोजून दाखविता येत नाही.

परिपथातील धारेचे स्वतःचेही चुंबकीय क्षेत्र असते आणि त्यातही थोडी ऊर्जा साठते. वरील उदाहरणाच्या आकाराच्या परिपथात ती काही मायक्रोज्यूलच असल्याने ०.१२ ज्यूलच्या हिशेबात ती सोडून देण्यास हरकत नाही.

## मोकळी सोडलेली दांडी

दांडीला वेग देऊन हात काढून घेतला तर ताळ्याचे आणखी एक रूप दिसते. दांडीचे वस्तुमान ५० ग्रॅम आणि सुरुवातीचा वेग सेकंदाला ३ मीटर असेल, तर तिची गतिज ऊर्जा ०.२२५ ज्यूल. घर्षण नाही असे मानू. विरोधी बल वेगाच्या प्रमाणात असल्याने वेग घातांकीय रीतीने घटतो :

v = v₀ e^(−t/τ), τ = mR/(B²L²)

येथे τ = ०.७५ सेकंद. रोधातील शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे ती दुप्पट त्वरेने घटते. सुरुवातीचे ०.६ वॅट आणि ०.७५ सेकंदाचा निम्मा काळ यांचा गुणाकार केला की एकूण उष्णता मिळते : ०.६ × ०.३७५ = ०.२२५ ज्यूल. दांडीची सर्व गतिज ऊर्जा उष्णतेत आली. थांबेपर्यंत दांडी v₀τ, म्हणजे २.२५ मीटर जाते.

रोध दुप्पट केला तर उष्णता किती होईल, असा प्रश्न विचारल्यास ‘निम्मी’ किंवा ‘दुप्पट’ अशी उत्तरे हमखास येतात. खरे उत्तर ‘तितकीच’ असे आहे, कारण दांडीजवळ देण्यासारखी ऊर्जाच तेवढी आहे. बदलते ते अंतर : दांडी आता ४.५ मीटर जाऊन थांबते. परिपथ खुला केला तर ती थांबतच नाही.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. १८३२ च्या जानेवारीत त्यांनी लंडनच्या वॉटर्लू पुलाजवळ टेम्स नदीत तारेला जोडलेले धातूचे पत्रे सोडून पाहिले. वाहते पाणी हीच सरकती दांडी आणि पृथ्वीचे क्षेत्र हेच चुंबकीय क्षेत्र, अशी ती कल्पना होती. कल्पना बरोबर होती, पण पत्र्यांवरील इतर विद्युत परिणामांमुळे खात्रीलायक निष्कर्ष मिळाला नाही.

ऊर्जेचा ताळा प्रत्यक्ष मोजून पाहिला तो जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांनी, १८४३ मध्ये. दांडीऐवजी त्यांनी पाण्याने भरलेल्या नळीत बसविलेले तारेचे वेटोळे शक्तिशाली विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये फिरविले. पाण्याचे तापमान किती वाढले यावरून उष्णता मोजली, आणि वेटोळे फिरविणाऱ्या वजनांच्या उतरण्यावरून यांत्रिक कार्य मोजले. घर्षण वेगळे काढण्यासाठी चुंबकाची धारा तोडून तोच वेग राखायला किती वजन लागते ते पाहिले आणि ते वजा केले; वर सांगितलेली खुल्या परिपथाची युक्ती ती हीच. प्रयोगागणिक आकडे बरेच वरखाली झाले, पण सरासरी अशी आली, की एक पौंड पाण्याचे तापमान एक अंश फॅरनहाइटने वाढवायला ८३८ फूट-पौंड कार्य लागते. आज मान्य असलेला आकडा सुमारे ७७८ आहे. अंशाच्या लहानशा भागाइतकी तापमानवाढ पाहावी लागणाऱ्या प्रयोगात सुमारे आठ टक्क्यांची तफावत फार नव्हे.

## आगगाडीचा आस

रुळांवरील दांडी फक्त पाठ्यपुस्तकातच असते असे नाही. आगगाडीची दोन चाके जोडणारा पोलादी आस रुळांना टेकून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून धावतो. महाराष्ट्राच्या कोकण किनाऱ्यावर या क्षेत्राचा उभा घटक सुमारे २० मायक्रोटेस्ला आहे. ब्रॉडगेज रुळांतील अंतर १.६७६ मीटर आणि गाडीचा वेग सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर धरल्यास प्रेरणा सुमारे १ मिलिव्होल्ट येते. एका गाडीला असे अनेक आस असतात, पण लगतच्या दोन आसांमधील परिपथात या प्रेरणेमुळे धारा वाहत नाही. दोन्ही आस एकाच वेगाने धावतात, त्यांतील प्रेरणा सारख्या असतात आणि परिपथात त्या एकमेकींच्या विरुद्ध येतात. अभिवाहाच्या भाषेत सांगायचे तर त्यांच्यामधील क्षेत्रफळ बदलतच नाही. रूळ पुढे कोठे तरी जमिनीवरील स्थिर वाहकाने जोडलेले असतील तरच परिपथाचे क्षेत्रफळ बदलेल आणि धारा वाहील. तेव्हाही इंजिनाला त्या धारेपायी जास्तीचे कार्य करावे लागेल, ते मात्र इतके थोडे की चाकांच्या घर्षणापुढे ते मोजता येणार नाही.